पगार ठरला, आता बाकीचं बोलू

मुलाखतीच्या सगळ्या फेऱ्या पार पडल्यावर एचआरचा जो फोन येतो, त्यात पगाराचा आकडा सांगून झाला की बहुतेकांचं बोलणं आटोपतं. फार तर एखादा धीर करून विचारतो, "थोडं वाढवून मिळेल का?" त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "या ग्रेडला एवढंच बसतं. याच्या वर मला जाता येणार नाही."

हे उत्तर पुष्कळदा खरं असतं. मध्यम आणि मोठ्या कंपन्यांत प्रत्येक ग्रेडच्या पगाराला खालची आणि वरची मर्यादा आखलेली असते. त्याच ग्रेडवर आधीपासून काम करणाऱ्यांच्या पगाराशीही नव्या माणसाचा मेळ घालावा लागतो. मर्यादा ओलांडायची तर वरच्या साहेबांची खास मंजुरी लागते, आणि तेवढ्यासाठी शब्द टाकायची फोन करणाऱ्याची तयारी नसते. पण रजा, हुद्दा, प्रशिक्षणाचा खर्च, रुजू होण्याची तारीख या गोष्टी त्या मर्यादेत येत नाहीत. त्यातली काही विभागप्रमुखाच्या अधिकारात असतात, काही त्याच्या वार्षिक खर्चात बसतात, तर काही कायद्यानेच आधी ठरवून दिलेल्या असतात. कोणती गोष्ट कोणाच्या हातात आहे हे ओळखून मागितलं, तर पगार जागचा न हलताही बरंच काही पदरात पडतं.

एक उदाहरण घेऊन बघू. व्यक्ती कल्पित आहे आणि आकडे हिशेबाच्या सोयीचे आहेत, प्रश्न मात्र रोजचे आहेत. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात सात वर्षं काढलेली एक इंजिनिअर आहे. बाणेरमधल्या, इंजिनिअरिंग सेवा देणाऱ्या एका कंपनीने तिला निवडलं आहे. महिन्याचा पगार ८०,००० रुपये, त्यात मूळ वेतन ४०,०००. हुद्दा 'सीनिअर इंजिनिअर', म्हणजे गेली तीन वर्षं आहे तोच. वर्षाला १८ रजा, पण प्रोबेशनच्या पहिल्या सहा महिन्यांत एकही भरपगारी रजा नाही. इकडे दोन-तीन महिन्यांत वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची आहे. शिवाय सिक्स सिग्मा ब्लॅक बेल्टचा अभ्यासक्रम करायचं तिच्या मनात आहे आणि त्याचा खर्च तिने ९०,००० रुपये धरला आहे.

बोलायची वेळ

मागण्या कधी मांडायच्या हे आधी ठरवायला हवं. मुलाखत चालू असताना रजांचा विषय काढला तर समोरच्याला वाटतं, हिला कामापेक्षा सुट्टीची काळजी. ऑफर स्वीकारून राजीनामा देऊन झाल्यावर काढला तर कंपनीला घाई उरत नाही, कारण परतीची वाट आपणच बंद केलेली असते. या दोन्हींच्या मधे, कंपनीने तोंडी होकार दिल्यापासून आपण लेखी होकार देईपर्यंत, काही दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांत आपलं पारडं थोडं जड असतं. इतर उमेदवारांना नकार कळवण्याची तयारी झालेली असते, विभागप्रमुखाला माणूस लवकर हवा असतो आणि नव्याने मुलाखती घ्यायचा सगळ्यांनाच कंटाळा असतो.

म्हणून फोनवरच 'हो' म्हणायची घाई करू नये. "ऑफर आवडली. पत्र पाठवा, वाचून दोन दिवसांत कळवते," एवढं पुरतं. मग ते दोन दिवस खरोखर पत्र वाचण्यात घालवावेत. आपल्या इंजिनिअरने पत्र वाचून तीन प्रश्न वेगळे काढले: वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी रजा, हुद्दा आणि अभ्यासक्रमाचा खर्च. पार्किंग, लॅपटॉपचं मॉडेल, बसचा थांबा या गोष्टी तिने यादीतून उडवल्या. यादी लांबली की समोरचा माणूस त्यातली सर्वांत स्वस्त मागणी निवडतो आणि "एक तर मान्य केली ना," म्हणून मोकळा होतो.

रजा: आधी कायदा, मग मागणी

रजेबद्दल बोलण्याआधी कायद्याने काय दिलं आहे ते माहीत हवं, नाहीतर हक्काचीच गोष्ट विनवणी करून मागितली जाते. महाराष्ट्रातली कार्यालयं, दुकानं आणि सेवा देणाऱ्या कंपन्या यांच्यासाठी २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. तो ज्या आस्थापनांना लागू होतो तिथे कामगाराला वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा म्हणजे कॅज्युअल लीव्ह मिळते. ती दर तिमाहीला खात्यावर जमा होते आणि वर्षअखेर वापरली नाही तर बुडते. वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळते, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. याखेरीज आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या असतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी मिळून ठरवलेल्या आणखी चार. तांत्रिक काम करणारा इंजिनिअर या कायद्याच्या व्याख्येत बसतो. व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना मात्र तो लागू नाही.

आता हिशेब करू. २४० दिवस भरले तरी अर्जित रजा बारा होते. तिच्यात किरकोळ आठ मिळवल्या की वीस. पत्रात तर १८ लिहिल्या आहेत. इथे "तुम्ही कायदा मोडताय," असं म्हणून सुरुवात केली तर समोरचा माणूस लगेच बचावाला उभा राहतो. आपल्या इंजिनिअरने साधा प्रश्न विचारला, "मॅडम, या अठरांत कॅज्युअल धरली आहे की ती वेगळी?" एचआरने विचारून सांगितलं की अठरा अर्जित आहेत, आठ कॅज्युअल वेगळ्या, पत्राच्या साच्यात तेवढी ओळ राहून गेली होती. उत्तर उलट आलं असतं, तरी पुढची चर्चा कायद्याच्या कलमावर झाली असती आणि तिला मेहरबानी मागावी लागली नसती.

प्रोबेशनचं कोडंही याच कायद्याने निम्मं सुटतं. २४० दिवसांची अट अर्जित रजेला आहे, किरकोळ रजेला नाही. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांतही तिमाहीला दोन दिवस तिच्या खात्यावर पडायला हवेत. उरलेल्या दिवसांसाठी तिने अठराच्या पंचवीस रजा मागितल्या नाहीत. तशी मागणी जवळपास हमखास नाकारली जाते. रजांची संख्या संगणकात ग्रेडवार भरलेली असते आणि एकीला वाढवून दिली तर शेजारच्या टेबलावरून तीच मागणी येते. तिने मागितलं ते असं: रुजू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात पाच दिवसांची भरपगारी रजा आत्ताच मंजूर धरावी, दोन दिवस किरकोळ रजेतून जातील आणि तीन दिवस पुढच्या अर्जित रजेतून आगाऊ वळते करावेत. यात कंपनीचं धोरण बदलत नाही, एकूण रजाही वाढत नाहीत. हा निर्णय विभागप्रमुख एका मेलवर देऊ शकतो.

या पाच दिवसांची किंमत काय? महिन्याचे २६ दिवस धरले तर ८०,००० रुपयांच्या पगारात एका दिवसाचे सुमारे ३,०७७ रुपये होतात. पाच दिवस बिनपगारी गेले असते तर १५,३८५ रुपये कापले गेले असते. याच हिशेबाची दुसरी बाजूही बघून ठेवावी. अनेक कंपन्या शिल्लक रजेचे पैसे मूळ वेतनावर देतात, म्हणजे इथे दिवसाला साधारण १,५३८ रुपये. अशा ठिकाणी घेतलेली रजा पूर्ण पगाराची पडते आणि विकलेली रजा अर्ध्याची. म्हणून "रजा घ्यायची गरजच काय, शेवटी पैसे मिळतातच," असं कोणी सांगितलं तर ते पैसे कशावर मिळतात ते विचारावं.

हुद्दा: पाटी आणि ग्रेड

हुद्द्याच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे कार्डावर आणि अनुभवपत्रात लिहिलं जाणारं नाव. दुसरी म्हणजे कंपनीच्या आतली ग्रेड, जिच्यावर पगारवाढीची टक्केवारी, विम्याची रक्कम, प्रवासभत्ता आणि नोटीसचा काळ ठरतो. ग्रेड बदलायची तर पगाराची मर्यादाही बदलते, म्हणून ती सहसा कोणी हलवत नाही. नाव बदलणं त्या मानाने सोपं असतं, कारण त्याला पैसे लागत नाहीत. अर्थात नुसतं नाव बदलून आत काहीच बदलणार नसेल, तर आपल्यालाही ते फारसं उपयोगी पडत नाही.

आपली इंजिनिअर पुरवठादारांचं ऑडिट स्वतंत्रपणे करणार होती आणि दोन ज्युनिअर तिच्या हाताखाली असणार होते. हे मुलाखतीत विभागप्रमुखानेच सांगितलं होतं. त्याचा धागा पकडून ती म्हणाली, "काम लीडचं आहे, तर हुद्दाही 'लीड इंजिनिअर' असावा." कामाच्या वर्णनाला धरून केलेली ही मागणी नाकारणं अवघड असतं. "माझी सात वर्षं झाली," या युक्तिवादाला तेवढं वजन नसतं, कारण सात वर्षं झालेले इतरही तिथे असतात.

एचआरने दुसराच प्रस्ताव पुढे केला. "लीड नको, त्यापेक्षा असिस्टंट मॅनेजर करू या." ऐकायला भारी वाटणाऱ्या अशा प्रस्तावाजवळ थोडं थांबावं. मॅनेजर म्हटलं की बहुतेक कंपन्यांत नोटीसचा काळ वाढतो, जादा कामाच्या मोबदल्याचा प्रश्न निकालात निघतो, आणि वर सांगितलेल्या रजांच्या कायद्यातून "तुम्ही व्यवस्थापनात आहात," म्हणून बाहेर काढायला सबब मिळते. वाद कोर्टात गेलाच तर पाटीवर काय लिहिलं होतं यापेक्षा प्रत्यक्ष काम काय होतं हे बघितलं जातं. पण तिथपर्यंत जाण्याची हौस कोणाला असते? तिने पत्र पुन्हा उघडलं. 'मॅनेजर आणि वरील पदांना नोटीस ९० दिवस, इतरांना ६० दिवस' अशी ओळ होती. बोलण्याच्या ओघात तिची नोटीस महिनाभराने वाढली असती. तिने लीडचाच आग्रह धरला.

हुद्दा आत्ता मिळतच नसेल, तर पुनर्विचाराची तारीख मागावी. पण "सहा महिन्यांनी बघू" या वाक्याला काही अर्थ नाही. कोण बघणार, कोणत्या महिन्यात आणि काय झालं असलं तर होकार येणार, हे तिन्ही लिहिलेलं हवं. उदाहरणार्थ, 'प्रोबेशन पूर्ण होताना तीन पुरवठादार ऑडिट स्वतंत्रपणे पूर्ण झाल्यास हुद्दा लीड इंजिनिअर करण्यात येईल.' एवढं लिहून द्यायला कंपनी तयार नसेल, तर पद मिळणार नाही असं समजून ऑफरचा विचार करावा.

प्रशिक्षण आणि त्याच्या मागून येणारा बाँड

तिन्ही मागण्यांत सर्वांत सहज मान्य होणारी मागणी प्रशिक्षणाची असते. विभागाकडे त्यासाठी वर्षाची तरतूद असते आणि ती पुष्कळदा पूर्ण वापरली जात नाही. त्यामुळे हे बोलणं एचआरपेक्षा विभागप्रमुखाशी आधी करावं. अभ्यासक्रमाचं नाव, शुल्क, कालावधी, आणि त्यातून विभागाचं कोणतं काम सुकर होईल, एवढं एका पानात देता आलं पाहिजे. शुल्काबरोबर दिवसही मागावेत. परीक्षेचा आणि प्रकल्पाचा वेळ रजेतून जाणार असेल, तर ९०,००० रुपयांच्या मदतीतले वीस-पंचवीस हजार आपण रजेच्या रूपाने परत करत असतो.

होकाराबरोबर बहुधा एक करारही येतो, ज्याला सगळे बाँड म्हणतात. आपल्या इंजिनिअरला आलेल्या मसुद्यात लिहिलं होतं, 'दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २,००,००० रुपये भरावे लागतील.' खर्च ९०,००० आणि भरपाई दोन लाख. शिवाय तेविसाव्या महिन्यात सोडलं तरी पूर्ण दोन लाख.

बाँडबद्दल आपल्याकडे एक ठाम समज आहे की तो कोर्टात टिकत नाही, बिनधास्त सही करा. हा समज महागात पडू शकतो. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी दिलेला निकाल या बाबतीत माहीत असावा. तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये, अशी अट नेमणुकीत होती. अधिकाऱ्याने मुदतीआधीच दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, निषेध नोंदवून पैसे भरले आणि मग कोर्टात धाव घेतली. कर्नाटक उच्च न्यायालयात तो जिंकला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अट वैध ठरवली. ती दुसरीकडे नोकरी करायला मज्जाव करत नाही, फक्त मुदतीआधी सोडण्याची भरपाई मागते, आणि सार्वजनिक बँकेला नव्याने भरती करायला बराच खर्च येतो, असं न्यायालयाने म्हटलं.

याचा अर्थ कोणतीही रक्कम लिहिली की ती वसूल होते, असा नाही. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात रक्कम लिहिलेली असली, तरी तिच्या मर्यादेत जेवढी वाजवी तेवढीच भरपाई मिळते. 'सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जायचं नाही' यासारख्या अटी कलम २७ खाली टिकत नाहीत. पण वाजवी किती यावर कोर्टात भांडण्यापेक्षा सही करण्याआधी आकडा वाजवी करून घेणं केव्हाही स्वस्त.

तिने मसुद्यात चार बदल सुचवले. भरपाई प्रत्यक्ष भरलेल्या शुल्काएवढी, म्हणजे ९०,०००. मुदत अठरा महिने आणि रक्कम दर महिन्याला ५,००० ने कमी होत जाणारी. अकरा महिन्यांनी सोडलं तर उरलेल्या सात महिन्यांचे ३५,०००. मुदत अभ्यासक्रम संपल्याच्या तारखेपासून मोजली जावी, प्रमाणपत्र हातात पडल्यापासून नव्हे, कारण ते यायला कधी कधी महिने जातात. आणि कंपनीनेच कामावरून कमी केलं तर काहीही देणं लागू नये. शेवटची ओळ फार लोक विसरतात. मंदीत विभाग बंद झाला, तरी जुन्या मसुद्यांच्या शब्दांनुसार कर्मचाऱ्याकडेच बोट दाखवता येतं.

कंपनीने दोन वर्षांचा आग्रह सोडला नाही, बाकीचे बदल मान्य केले. मग चोवीस महिने आणि महिन्याला ३,७५० रुपये कमी, असा तोडगा निघाला. अकरा महिन्यांनी सोडलं तर आता ४८,७५० रुपये द्यावे लागतील. तिच्या मूळ मागणीपेक्षा हे थोडं महाग आहे, पण दोन लाखांपासून बरंच दूर. बाँडपोटी मूळ प्रमाणपत्रं किंवा सही केलेला कोरा धनादेश मागितला गेला असता, तर तिथे मात्र कोणतीही तडजोड करण्याचं कारण नव्हतं.

जे लिहिलं तेच मिळतं

जवळजवळ प्रत्येक ऑफर लेटरमध्ये एक वाक्य असतं: कंपनीची धोरणं वेळोवेळी बदलू शकतात आणि हे पत्र आधीच्या सगळ्या बोलण्याची जागा घेतं. म्हणजे फोनवर झालेलं गोड बोलणं या एका वाक्याने पुसलं जातं. ज्या विभागप्रमुखाने शब्द दिला, त्याची तीन महिन्यांत बदली झाली तर साक्षीदारही उरत नाही. म्हणून बोलणं झाल्यावर त्याच दिवशी मेल करावा. आपल्या इंजिनिअरच्या मेलचा आशय असा होता:

'आज फोनवर ठरल्याप्रमाणे तीन मुद्दे पत्रात यावेत ही विनंती. एक, तिसऱ्या महिन्यात पाच दिवसांची भरपगारी रजा, दोन दिवस किरकोळ आणि तीन दिवस आगाऊ अर्जित. दोन, हुद्दा लीड इंजिनिअर, नोटीस ६० दिवस. तीन, अभ्यासक्रमाचं ९०,००० पर्यंतचं शुल्क कंपनी भरेल, करार सोबतच्या मसुद्याप्रमाणे. सुधारित पत्र मिळताच मी सही करून पाठवते आणि ठरलेल्या तारखेला रुजू होते.'

शेवटच्या वाक्यात खरी देवाणघेवाण आहे. हे झालं तर मी नक्की येते, असं सांगितलं की एचआरला वर जाऊन मंजुरी आणणं सोपं होतं. "हे झालं तर मग पुढचं बोलू," असं म्हटलं तर कोणीच शब्द टाकत नाही. मागण्या मान्य झाल्यावर नवी मागणी काढायची नाही, हा या व्यवहारातला पाळायचा नियम आहे. सुधारित पत्र येईपर्यंत जुन्या ठिकाणी राजीनामाही द्यायचा नाही.

एचआर कधी म्हणतं, "पत्राचा साचा बदलता येत नाही." तेव्हा साचा राहू द्यावा आणि सोबत स्वतंत्र पुरवणी पत्र मागावं, किंवा निदान कंपनीच्या अधिकृत मेलवरून 'खालील मुद्दे मान्य' असं उत्तर घ्यावं. तेही मिळत नसेल, तर तो मुद्दा मिळाला नाही असं धरून उरलेल्या ऑफरचा हिशेब करावा.

कुठे चालत नाही

ही बोलणी सगळीकडे चालत नाहीत. कॅम्पसमधून शेकड्यांनी घेतल्या जाणाऱ्या नव्या पदवीधरांना सगळ्यांना एकच पत्र असतं. तिथे रुजू होण्याची तारीख किंवा कामाचं शहर एवढंच कधी तरी बदलतं. सरकारी नोकरीत रजा आणि पद नियमांनी बांधलेलं असतं. मालकाने स्वतः चालवलेल्या छोट्या कंपनीत उलट सगळंच बदलता येतं, पण कागदावर काही येत नाही. तिथे निदान मालकाच्या नंबरवर पाठवलेला आणि त्याने 'ओके' म्हटलेला संदेश जपून ठेवावा. त्रयस्थ एजन्सीमार्फत भरती होत असेल, तर एजन्सीच्या माणसाला कंपनीच्या रजा बदलण्याचा अधिकारच नसतो. त्याच्याशी वाद घालण्यात वेळ न घालवता विभागप्रमुखाशी बोलणं करून द्यायला सांगावं.

आणि एखाद्या मुद्द्यावर नकार आलाच, तर तो कसा आला हे बघावं. "आमच्याकडे ही पद्धत नाही, पण याऐवजी असं करता येईल," म्हणणारी कंपनी आणि "एवढे प्रश्न विचारणारे लोक आमच्याकडे टिकत नाहीत," म्हणणारी कंपनी, दोघी नकारच देतात. दुसरीकडे रुजू झाल्यावर रजेचा प्रत्येक अर्ज कसा मंजूर होईल याचा अंदाज त्याच वाक्यावरून येतो, आणि तोही राजीनामा देण्याआधी.